बी.एड. आंतरवासितेचं लॉगबुक कसं तपासायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी आंतरवासिता संपत आली की लॉगबुकांचे गठ्ठे येतात आणि स्टाफरूममध्ये तेच ते प्रश्न सुरू होतात. म्हटलं एकदा सगळं लिहूनच ठेवावं. मी बी.एड.ला शिकवते, गणित माझी मेथड, त्यामुळे उदाहरणंही गणिताचीच येतील, त्याला इलाज नाही. छात्राध्यापकांनी वाचलं तरी चालेल, लपवण्यासारखं यात काही नाही.

लॉगबुक म्हणजे नक्की कोणतं? आमच्याकडे पाच फायली असतात.

पाठ टाचणाची फाईल नाही, उपक्रमांच्या फोटोंची फाईल नाही, हजेरीचा तक्ता तर नाहीच नाही. छात्राध्यापक रोज शाळेतून आल्यावर दिवसाचं जे लिहितो ते. कुणी रोजनिशी म्हणतं, कुणी जर्नल, कुणी चिंतनवही. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला काळ २० आठवड्यांचा झाला, साधारण ४ आठवडे पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. मी बोलतेय ती त्या १६ आठवड्यांच्या वहीबद्दल. पाठ कसा घेतला हे आपण वर्गात मागच्या बाकावर बसून बघतोच की, या वहीत बघायचं ते वेगळं आहे: त्याला काय दिसलं, त्यावर त्याने काय विचार केला आणि कॉलेजात शिकलेलं त्याला तिथे कुठे उपयोगी पडलं का.

एवढ्या सगळ्या नोंदी वाचायच्या? जीव जाईल.

नका वाचू. हिशोब करा ना, १६ आठवडे म्हणजे सुट्ट्या वजा जाता एकेकाच्या ९० च्या आसपास नोंदी, ४० छात्राध्यापक धरले तर ३६००. कुणीही वाचत नाही, वाचल्या असं म्हणतात आणि प्रत्येक पानावर लाल टिक मारतात, आणि ती टिक न वाचता मारलीय हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतं, मग तेही त्याच हिशोबाने लिहायला लागतात.

मी प्रत्येकाच्या सहा नोंदी नीट वाचते. दोन त्याने स्वतः निवडलेल्या, त्याला ज्या सगळ्यात चांगल्या वाटतात त्या. एक पहिल्या पंधरवड्यातली, एक शेवटच्या पंधरवड्यातली. आणि उरलेल्या दोन सलग दोन दिवसांच्या, त्या मी निवडते आणि आधी सांगत नाही. सलगचं कारण खाली चिंतनाच्या प्रश्नात येईलच. एका नोंदीला सहा मिनिटं धरली तरी ४० जणांचे २४ तास होतात, म्हणजे दोन आठवडे रोज थोडं थोडं केलं की जमतं. बाकीची वही फक्त चाळायची.

निरीक्षण चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

माझी पद्धत अगदी गावठी आहे. नोंद वाचायची, डोळे मिटायचे आणि तो वर्ग दिसतोय का बघायचं. "विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला" हे वाचून काही दिसतं का? कुठलाच वर्ग दिसत नाही, किंवा जगातले सगळे वर्ग दिसतात. "प्रश्न विचारल्यावर पुढच्या दोन बाकांवरचे सहा हात वर आले, मागच्या रांगेतला एकही नाही, एक मुलगा हात वर करून माझ्या नजरेला नजर मिळाली की खाली घेत होता" हे वाचलं की तो मुलगा दिसतो.

दुसरं म्हणजे बघितलेलं आणि ठरवलेलं यांची सरमिसळ. "मुलं कंटाळली होती" हे निरीक्षण नाहीये, तो निष्कर्ष आहे. बघितलं काय ते लिही की बाबा: तिघं वहीच्या मागच्या पानावर फुल्ली-गोळा खेळत होते, एकीने दोनदा घड्याळ बघितलं. मग कंटाळली होती म्हण, माझी हरकत नाही. मी पेन्सिलीने निष्कर्षाच्या शब्दांखाली रेघ मारते: कच्चा, हुशार, खोडकर, रस घेतला, लक्ष नव्हतं, छान, यशस्वी. आणि रेघेच्या आधी किंवा नंतर त्याचा पुरावा सापडतो का बघते. पानभर रेघा आणि पुरावा शून्य असेल तर दहापैकी तीनच्या वर मी देत नाही, मग अक्षर मोत्याचं का असेना.

पण आकडे भरले म्हणजे निरीक्षण झालं असंही नाही हं. एका बॅचला मी फ्लँडर्स जरा जास्तच मनापासून शिकवलं, दर तीन सेकंदांनी नोंद, नोंदीचे दहा प्रकार, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा, तर त्या वर्षी लॉगबुकं नुसत्या टक्केवारीने भरून आली. शिक्षकाचं बोलणं ७१ टक्के. बरं, मग? त्या ७१ टक्क्यांत शिक्षक काय बोलला आणि कुणाशी, ते कुठेच नाही. आकडा नंतर कशाला तरी उपयोगी पडणार असेल तरच त्याला किंमत.

एक नोंद तपासून दाखवा ना, नुसतं सांगून कळत नाही.

दाखवते. खालच्या दोन्ही नोंदी कुणा एकाच्या नाहीत, आजवर वाचलेल्या कित्येक वह्यांवरून मी नमुना म्हणून जुळवल्यात, आकड्यांसकट. विषय तोच, सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज.

पहिली नोंद अशी:

"आज सहावी ब वर अपूर्णांकांची बेरीज हा पाठ घेतला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. काही विद्यार्थी कच्चे असल्याचे आढळले. त्यांच्याकडे विशेष लक्ष देण्याची गरज आहे. पियाजेच्या सिद्धांतानुसार या वयातील मुले मूर्त क्रियात्मक अवस्थेत असल्याने शैक्षणिक साधनाचा वापर केला. वर्गनियंत्रण चांगले राहिले. पाठ यशस्वी झाला."

यात अपूर्णांकांच्या जागी "वनस्पतींचे अवयव" टाका, काही बिघडत नाही. इथेच निकाल लागला. २५ पैकी ६ देईन, तेसुद्धा पाठ घेतला म्हणून.

दुसरी:

"फळ्यावर १/२ + १/३ लिहून दोन मिनिटं दिली आणि फिरून वह्या बघितल्या. ३४ पैकी ११ जणांनी २/५ लिहिलं होतं, चौघांनी काहीच नाही. खिडकीजवळच्या मुलीला विचारलं, कसं आलं गं? ती म्हणाली, मॅडम, पहिल्या टेस्टला २ पैकी १ मिळाला, दुसऱ्या टेस्टला ३ पैकी १, मग मिळून ५ पैकी २ च ना. वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, नाही, आधी छेद समान करायचा असतो, आणि फळ्यावर ३/६ + २/६ = ५/६ करून दाखवलं. तिने ते उतरवून घेतलं. पण आधीचं २/५ खोडलं नाही.

संध्याकाळपर्यंत डोक्यात तेच. टेस्टचं तिचं म्हणणं बरोबरच आहे, मग माझी बेरीज वेगळी का? घरी आल्यावर लक्षात आलं, टेस्टमध्ये दोन पेपर वेगळे आहेत आणि मिळून तिसराच मोठा पेपर तयार होतो, पाच मार्कांचा. माझ्या गणितात भाकरी एकच आहे, तिचा अर्धा आणि तिचाच तिसरा भाग. हे मी वर्गात बोललेच नव्हते. आणि अजून एक, २/५ हे तर अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर कमी कसं होईल, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. उद्या पट्ट्या नेणार."

आणि दुसऱ्या दिवशीची:

"३० सेंमीच्या कागदी पट्ट्या दिल्या. अर्धी १५, तिसरा भाग १०, एकापुढे एक ठेवल्या तर २५. मग २/५ मोजायला सांगितलं, १२ आले. दोघं तिघं मोठ्याने म्हणाले, अरे हे तर पहिल्या पट्टीपेक्षाच लहान आहे. शेवटी १/४ + १/३ दिलं. कालच्या ११ पैकी आठ जणांचं बरोबर आलं, तिघांनी २/७ लिहिलं. कालच्या मुलीने विचारलं, मग टेस्टचं चूक का? मी म्हटलं चूक नाही, तिथे पेपर दोन आहेत, इथे पट्टी एक. वर्गात पियाजेचं असिमिलेशन शिकलो होतो, नवीन गोष्ट मुलं आधीच्या साच्यात बसवतात. इथे साचा पूर्ण संख्यांच्या बेरजेचा आहे, वरचे वर, खालचे खाली. तसं असेल तर वजाबाकीतही हेच करतील म्हणून ३/४ − १/२ दिलं. पाच जणांनी २/२ लिहिलं."

आता मार्क. निरीक्षणाला १० पैकी ८. काय झालं, किती जणांचं झालं, कोण काय बोललं, सगळं आहे, आणि "आधीचं खोडलं नाही" हे एक वाक्य मला दहा पानांपेक्षा जास्त सांगतं, मुलीने ऐकलं पण पटलं नाही हे त्यात आलं आणि छात्राध्यापिकेने ते शब्द न वापरता लिहिलं. दोन कापले कारण काहीच न लिहिणारे ते चौघं. दोन दिवसांत त्यांचं पुन्हा नावच नाही. वर्गातले सगळ्यात अडलेले तेच असायची शक्यता आहे, किंवा कदाचित वहीच आणली नसेल, आपल्याला कळायला मार्ग नाही.

चिंतनाला १० पैकी ९, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात. थिअरीला ५ पैकी ४. संकल्पना बरोबर आहे, बरोबर जागी आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यावरून तिने पुढचा अंदाज बांधला आणि लगेच करून बघितला. एक यासाठी कापला की पट्ट्यांनंतर आठ जणांचा साचा बदलला, ती पियाजेचीच दुसरी अर्धी बाजू, अकॉमोडेशन, तिला ती दिसली पण तिने जोडली नाही. एकूण २१.

"चिंतन" म्हणजे भावना लिहिणं का? बऱ्याच जणी "मला खूप वाईट वाटलं" असं लिहितात.

वाईट वाटलं ही सुरुवात आहे, लिहू दे. पण तिथेच थांबलं तर ती डायरी झाली.

हॅटन आणि स्मिथ यांनी १९९५ साली सिडनीतल्या शिक्षक-प्रशिक्षणार्थींच्या लिखाणावर काम करून चार पायऱ्या मांडल्या होत्या, त्या मला तपासताना फार उपयोगी पडतात, माझ्या भाषेत सांगते. पहिली, नुसतं काय झालं ते. हे चिंतन नव्हेच. दुसरी, काय झालं आणि का झालं असेल याचं एखादं कारण. तिसरी, स्वतःशीच वाद घालणं: हे कारण असेल, की ते असेल, मी वेगळं केलं असतं तर? चौथी, वर्गाच्या भिंतीबाहेरचं, म्हणजे घर, पैसा, जात, भाषा, शाळेचे नियम यांचा त्या प्रसंगाशी संबंध बघणं.

आपल्याकडच्या वह्या बहुतेक दुसऱ्या पायरीवर असतात आणि त्यात कमीपणा काही नाही, चार महिन्यांत तेवढं झालं तरी बरं. वरच्या नोंदीत "टेस्टचं तिचं म्हणणं बरोबरच आहे, मग माझी बेरीज वेगळी का" ही सरळ सरळ तिसरी पायरी आहे. मुलाच्या चुकीत त्याचं लॉजिक शोधलं आणि त्यापुढे स्वतःची चूक सापडली. चौथ्या पायरीसाठी मात्र मी कुणाच्या मागे लागत नाही. एकदा लागले होते, तर प्रत्येक नोंदीच्या शेवटी "सामाजिक विषमता दूर झाली पाहिजे" असं एक वाक्य चिकटून यायला लागलं. अपूर्णांकाच्या पाठाखाली सुद्धा!

आता सलग दोन दिवसांचं. चिंतन खरं झालं की नाही हे त्या पानावर कळतच नाही, ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर कळतं. "यापुढे मी सर्व विद्यार्थ्यांकडे लक्ष देईन" असं सोमवारी लिहिलं असेल तर मंगळवारी काय केलं? मंगळवारच्या पानावर त्याचा मागमूसही नसेल तर सोमवारचं ते वाक्य परीक्षकासाठी होतं. म्हणून "यापुढे", "भविष्यात", "नक्कीच प्रयत्न करेन" अशा शब्दांना मी शून्य देते आणि "उद्या पट्ट्या नेणार" याला देते, कारण ते तपासता येतं. बदल फसला तरी चालेल. पट्ट्या नेल्या आणि सगळा गोंधळ झाला, कागदी पट्ट्यांचे बाण करून उडवले, असं लिहिलं असतं तरी मी तेवढेच मार्क दिले असते.

थिअरी जोडली आहे की नुसती चिकटवली आहे?

बोटाने झाकून बघा. थिअरीचं वाक्य झाकून उरलेली नोंद वाचायची. काहीच कमी झाल्यासारखं वाटलं नाही तर ती चिकटवलेली. पहिल्या नोंदीतून पियाजे काढून टाका, कुणालाही पत्ता लागणार नाही. दुसऱ्या नोंदीतून असिमिलेशन काढलं तर वजाबाकी का दिली हेच कळत नाही.

दुसरी गोष्ट, थिअरी बरोबर आहे का हेही बघावं लागतं, आणि इथे आपणच ढिले पडतो. "वायगोत्स्कीने सांगितलेल्या स्कॅफोल्डिंगनुसार" हे दर दुसऱ्या वहीत असतं. स्कॅफोल्डिंग हा शब्द वायगोत्स्कीचा नाही, तो वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून आला, नंतर तो वायगोत्स्कीच्या झेडपीडीला जोडला गेला. याचे मी मार्क कापत नाही, समासात लिहिते. पण "झेडपीडी म्हणजे मूल एकटं जे करू शकतं ते" असं लिहिलं तर कापते, कारण ते नेमकं उलट आहे, एकट्याला जमत नाही पण कुणी सोबत असलं की जमतं तो पट्टा म्हणजे झेडपीडी. (झेडपीच्या शाळेत जाऊन आलेल्यांनी झेडपीडी चुकवावं, काय म्हणायचं.)

आणि थिअरी मोठ्या नावाचीच हवी असं काही नाही. मला आवडलेली जोडणी एका अगदी साध्या गोष्टीची होती. मेरी बड रो यांचं वेट-टाईमचं काम आपण शिकवतो, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात, तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि जास्त मुलं बोलतात. एका छात्राध्यापकाने लिहिलं होतं की मी मनात एक-दोन-तीन मोजायला लागलो, तर तिसऱ्या आकड्याला मलाच कसंतरी व्हायला लागलं, वर्गातली शांतता मला सहन होत नाही, आणि मागे बसलेले सर समजतील की मी अडकलो म्हणून मी दोननंतर स्वतःच उत्तर सांगून टाकायचो. पुस्तकात थांबा एवढंच लिहिलंय, थांबवत का नाही हे त्याने वर्गात शोधलं. पाचपैकी पाच. थिअरी अपुरी पडते किंवा या वर्गात लागू होत नाही असं कुणी कारणासकट लिहिलं तर तीही जोडणीच, उलट जास्त चांगली.

थिअरीला पाचच मार्क का? विद्यापीठाच्या नमुन्यात वेगळी विभागणी आहे.

विद्यापीठाची असेल तर तीच वापरा, वाद नको. १०-१०-५ ही माझी आहे, जिथे कॉलेजला मोकळीक आहे तिथली. थिअरीला जास्त मार्क ठेवले की मुलं गाईड उघडून नोंद लिहायला बसतात, आधी सिद्धांत निवडतात आणि मग त्याला शोभेल असा प्रसंग तयार करतात.

वही एका रात्रीत बसून लिहिलेली आहे हे कसं कळतं?

एकच पेन, एकच शाई, ते तर आहेच. पण हुशार मुलं तीन पेनं वापरतात, म्हणून मजकुरावर जा. रोज लिहिलेल्या वहीत अर्धवट गोष्टी असतात, "उद्या बघते", "त्याला विचारायचं राहिलं", आणि पुढे कधीतरी ते विचारलेलं येतं. पहिल्या आठवड्यात "एक मुलगा" असतो तो तिसऱ्या आठवड्यात सवयीने ओळखीचा होतो. एका रात्रीच्या वहीत सगळे दिवस सारख्या लांबीचे आणि प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी संपलेला. आणि शाळेचं कॅलेंडर जवळ ठेवा. घटक चाचणीच्या दिवशी नवीन पाठ झालेला असतो, पावसामुळे शाळा सोडून दिली त्या दिवशी आठवीवर उत्स्फूर्त प्रतिसाद मिळालेला असतो. एका वहीत तर रविवारी परिपाठ झाला होता.

संशय आला तर लगेच शून्य देऊ नका. समोर बसवा, वहीतलीच एक नोंद काढा आणि विचारा, ही मुलगी कुठे बसायची? मग काय झालं तिचं पुढे? ज्याने बघितलंय तो वहीत नसलेलंही सांगायला लागतो, थांबतच नाही. ज्याने नाही तो नोंदीतलीच वाक्यं परत म्हणतो. पाच मिनिटांचं काम आहे. बोलण्यात सगळं आलं आणि वही मात्र उशिरा लिहिलेली निघाली, असंही होतं, तेव्हा मी नियमितपणाचं वेगळं समजावते आणि निरीक्षणाचे मार्क बोलण्यावरून वाढवते.

भाषा कच्ची असेल तर मार्क कापायचे का?

नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, बोलीत लिहिलं, "पोरं लई दंगा करत व्हती" लिहिलं, काही फरक पडत नाही, उलट बोलीत लिहिणाऱ्यांच्या नोंदी जास्त खऱ्या असतात असा माझा तरी अनुभव आहे, कारण "आढळून आले" आणि "दिसून आले" लिहायला लागलं की माणूस बघायचं थांबतो. पाठ टाचणात शुद्धलेखन बघा, फळ्यावर तर नक्की बघा.

छात्राध्यापकाने शाळेबद्दल किंवा तिथल्या शिक्षकाबद्दल वाईट लिहिलं तर?

हा नाजूक प्रश्न आहे. वही शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांच्या सहीला जाते, मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहते. मला स्वतःला याचा फटका बसलाय: एका छात्राध्यापिकेने मारण्याबद्दल लिहिलं होतं, आणि मी न वाचता वही सहीसाठी पाठवली. पुढचे दोन महिने त्या मुलीला त्या शाळेत कसे गेले ते विचारू नका. चूक माझी होती.

तेव्हापासून दोन गोष्टी ठरवल्यात. मुलांची आणि शिक्षकांची नावं वहीत नाहीत, आद्याक्षरं सुद्धा नाहीत, "खिडकीजवळची मुलगी" असं चालतं. आणि मारहाण, छळ असलं काही दिसलं तर ते लॉगबुकाचं काम नाही, त्याच दिवशी कॉलेजच्या समन्वयकांना येऊन सांगायचं. मुलांना शारीरिक शिक्षा देणं शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंद केलंय, त्याला कायद्याचा रस्ता आहे, त्याचं चिंतन करत बसायची गोष्ट नाही ती. मार्कांचं म्हणाल तर, नावं नसलेली, बघितलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवलेली टीका असेल तर मार्क पूर्ण द्या. "इथले शिक्षक काहीच शिकवत नाहीत" याला शून्य, कारण तो निष्कर्षच आहे.

सगळ्यांचे सगळेच पाठ यशस्वी. असं कसं?

कारण आपण तसं शिकवलंय. मुलांना वाटतं फसलेलं लिहिलं की मार्क जाणार, आणि काही ठिकाणी खरंच जातात. मी पहिल्या आठवड्यातच सांगून टाकते की प्रत्येकाच्या त्या दोन निवडलेल्या नोंदींपैकी एक फसलेल्या पाठाची असलीच पाहिजे. मग गंमत बघा, काही जण फसलेला पाठ सुद्धा रचतात. "वेळेअभावी मूल्यमापन राहिले" हा सगळ्यात लाडका फसलेला पाठ. त्याला मी फसलेला धरत नाही.

मी १८ देते, दुसरे सर त्याच वहीला ११ देतात. काय करायचं?

गठ्ठा वाटून घ्यायच्या आधी तीन वह्या काढा, दोघांनी वेगवेगळ्या तपासा, एकमेकांना न दाखवता, आणि मग चहा घेत घेत आकडे उघडा. दोनतीन मार्कांचा फरक सोडून द्या. सातचा फरक असेल तर नोंद समोर ठेवून भांडा, आणि भांडताना "मला आवडली" नाही तर वाक्यावर बोट ठेवून. आमच्यात एकदा असंच झालं, सर ज्याला चिंतन म्हणत होते त्याला मी भाषण म्हणत होते, अर्धा तास गेला. शेवटी दोघांनी ठरवलं की पुढच्या दिवशी दिसत नसेल तर चिंतनाला पाचच्या वर नाही. त्यानंतर फरक फार तर दोनचा यायला लागला.

शेरा काय लिहू? "छान", "प्रगती करा" याशिवाय काही सुचत नाही.

एक प्रश्न लिहा, तोही त्याच नोंदीतला. वरच्या वहीवर मी लिहिलं असतं: "काहीच न लिहिणाऱ्या त्या चौघांचं दुसऱ्या दिवशी काय झालं?" बस. पण हे १६ आठवडे संपल्यावर लिहून उपयोग नाही, तोवर ते चौघं सातवीत गेलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा वह्या मागवा, प्रत्येकाची एकच नोंद वाचा, एकच प्रश्न लिहून परत द्या, आणि शेवटी तपासताना आधी ते पान उघडून पुढच्या पानांवर त्या प्रश्नाचं उत्तर सापडतं का ते बघा.